दोघांचे चोवीसशे चौसष्ट

गणिताच्या बाईंचं एक ठाम मत होतं: बरोबर उत्तराला काही चेहरा नसतो. पन्नास जणांचं बरोबर आलं की पन्नास पेपर एकसारखे, बघायला मजा नाही. चुकलेल्या उत्तराला मात्र आईबाप असतात, ते कुठून आलं हे शोधून काढता येतं. कोणी वक्रपृष्ठफळ मागितलं असताना एकूण पृष्ठफळ देतं, कोणी एकूण मागितलं असताना नुसती बाजू मोजून मोकळं होतं, कोणी मीटर आणि सेंटिमीटर एकाच भांड्यात ढवळतं. बाई उत्तर पाहूनच म्हणायच्या, "हा तळ विसरला," किंवा "हिने घाई केली." शाळेतल्या इतर शिक्षकांना ते ज्योतिष वाटायचं. बाईंना तो निव्वळ गुणाकार वाटायचा, आणि तो जमतो याचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता.

दिवसा त्या शाळेतल्या मुलांना शिकवत आणि संध्याकाळी त्याच वर्गात मोठ्या माणसांना. शिक्षण अर्धवट राहिलेली, आता दहावीला बसायचं म्हणणारी ही मंडळी. लहान मुलांच्या बाकांत गुडघे अडकवून बसत, बाई बोलू लागल्या की माना डोलवत आणि घरचा अभ्यास न केल्याची कारणं मुलांपेक्षाही सुंदर सांगत. बाईंचा त्यांच्यावर फार जीव होता, म्हणून त्या त्यांना फार ओरडत.

त्यातलं सगळ्यात लाडकं जोडपं म्हणजे पत्रेवाले काका आणि उशीवाल्या काकू. काका पत्र्याचे डबे, पिंपं आणि टाक्या बनवत. काकू त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत उशा, गोल तक्के आणि खुर्च्यांच्या गाद्या शिवत. दिवसभर पुढे पत्रा ठणठणायचा आणि मागे शिवणयंत्र खडखडायचं, त्यामुळे दोघंही बोलायला लागले की अख्ख्या वर्गाला ऐकू जायचं. काकूंना मुलींच्या शिवणशाळेत शिकवायला या म्हणून बोलावणं आलं होतं, अट एकच, दहावी पास. एकट्या वर्गात जायला काकूंची छाती होईना. "तुम्ही येत असाल तर मी जाते," त्या काकांना म्हणाल्या. काकांना दहावीचा काडीचा उपयोग नव्हता. तरी ते आले, आणि आल्यावर काकूंहून जास्त प्रश्न विचारू लागले.

मुख्य परीक्षेआधी शाळेची चाचणी असते. त्यात जो बसेल त्याचाच अर्ज पुढे जातो, आणि नक्कल करताना सापडला तर वर्षभर अर्ज जात नाही. पेपर आधी बाई तपासत आणि मग मुख्याध्यापक सर त्यावर नजर फिरवत. सर इतिहास शिकवत. गणित त्यांना फारसं कळत नसे, पण दोन कागद एकसारखे दिसले की त्यांच्या कपाळावर आठी पडे.

या वेळी आठी पडली. सरांनी दोन पेपर बाईंपुढे सरकवले. पहिला भाग फक्त उत्तरं लिहायचा होता, चौकटीत आकडा, बस्स. कच्चं काम ज्याने त्याने सुट्या कागदावर केलं होतं आणि ते कागद केव्हाच केराच्या टोपलीतून बाहेर गेले होते.

"हा डब्याचा प्रश्न वाचा," सर म्हणाले.

बाईंनी तो स्वतः काढला होता, वाचायची गरज नव्हती. व्यास अठ्ठावीस सेंटिमीटर आणि उंची चौदा सेंटिमीटर असलेल्या गोल डब्याच्या बाजूभोवती कागद चिकटवायचा आहे, तर कागदाचं क्षेत्रफळ किती? उत्तर बाराशे बत्तीस चौरस सेंटिमीटर.

"काकांचं उत्तर चोवीसशे चौसष्ट," सर म्हणाले. "काकूंचंही चोवीसशे चौसष्ट. वर्गात दुसऱ्या कोणाचंही ते नाही. आणि दोघं एका बाकावर होती. बरोबर उत्तर सारखं आलं असतं तर मी काही म्हटलं नसतं. पण चूक तीच?"

बाईंनी दोन्ही पेपर जवळ ओढले. चूक तीच म्हणजे नक्कल, हे त्यांनीच आयुष्यभर मुलांना ऐकवलं होतं.

"आधीचा टाकीचा प्रश्न बघा," बाईंनी तरी एक प्रयत्न केला. "त्रिज्या सत्तर सेंटिमीटर, उंची एक मीटर, पाणी किती लिटर. काकांनी पंधराशे चाळीस लिहिलंय, अगदी बरोबर. काकूंनी पंधरा हजार चारशे. त्यांनी सत्तर सेंटिमीटर तसेच ठेवले, मीटरचा एक तसाच ठेवला आणि आलेल्या आकड्यापुढे लिटर लिहून टाकलं. अहो, ज्या माणसाचं आयुष्य टाक्या बनवण्यात गेलं, त्याचं बघायचंच होतं तर काकूंनी टाकीचं बघितलं असतं ना!"

"एक बघायला वेळ मिळाला, दुसरं बघायला नाही मिळाला," सर म्हणाले. सर दुष्ट नव्हते. काकूंनी त्यांच्या खुर्चीची गादी शिवून दिली होती आणि ते या क्षणी तिच्यावरच बसले होते, त्यामुळे ते जास्तच अवघडले होते. "दोघांना बोलावू. खरं काय ते विचारू. एकाने कबूल केलं तर दुसऱ्याचा अर्ज तरी पुढे जाईल."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दोघं आली. काकांच्या हाताला पत्रा जोडायच्या डाखाचा वास होता, काकूंच्या पदराला दोरे चिकटले होते. सरांनी दोन्ही पेपर पुढे ठेवले आणि काय झालंय ते सांगितलं. उत्तर चुकलंय, आणि दोघांचं सारखंच चुकलंय.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाईंना ती नजर ओळखीची वाटली. शेजारी बसलेल्या मुलाने आपलं पाहिलं हे कळलेलं मूल जसं बघतं, तशी. राग नव्हता तीत, नुसता धक्का होता.

"मी पाहिलं," काका म्हणाले.

"मी पाहिलं," काकूही त्याच दमात म्हणाल्या.

"अगं, तू गप्प बस. मी पाहिलं म्हणतोय ना!"

"तुम्ही कशाला पाहाल? तुम्हाला मेलं पाहताही येत नाही धड. सर, ह्यांचं काही ऐकू नका. मी मान वळवली आणि पाहिलं. काय करायचं ते मला करा."

"सर, हिला शिवणशाळेत जायचंय. हिचा अर्ज जाऊ द्या. मला कुठे जायचंय? डबेच करायचेत."

"आणि लोक काय म्हणतील? बायकोने नवऱ्याला बुडवलं म्हणतील!"

आवाज इतका चढला की व्हरांड्यातली मुलं दाराशी जमा झाली. सरांनी दार लावून घेतलं आणि कपाळाला हात लावला. दोघांना बाहेर बसवून ते बाईंना म्हणाले, "झालं. आता दोघांचाही अर्ज जात नाही. दोन-दोन कबुल्या आहेत."

"दोन कबुल्या आहेत हाच तर घोळ आहे," बाई म्हणाल्या. इतका वेळ त्यांना वाईट वाटत होतं, आता त्यांना राग आला, आणि राग आला की त्यांचं डोकं चालायचं. "सर, काकांनी काकूंचं पाहिलं आणि काकूंनी काकांचं पाहिलं, तर मग लिहिलं कोणी? उत्तर आभाळातून पडलं का?"

सर विचारात पडले. इतिहासातही असे पुरावे फारसे मिळत नाहीत.

बाईंनी फळ्याजवळचा खडू उचलला. चुकीच्या उत्तराचे आईबाप शोधायचं सोडून आपण नकलेच्या गोष्टी करत बसलो याची त्यांना लाज वाटली. चोवीसशे चौसष्ट हे बाराशे बत्तीसच्या बरोबर दुप्पट. दुप्पट होतं कधी?

काका आधी आठवले. वर्गात कुठलाही गोल डबा काढला की काका त्याला तळ आणि झाकण लावत. "बाई, बिनझाकणाचा डबा कोण घेतो?" हे त्यांचं ठरलेलं. वक्रपृष्ठफळ मागा नाहीतर काहीही मागा, काका एकूण पृष्ठफळच देणार. बाईंनी लिहिलं: त्रिज्या चौदा. दोन गुणिले बावीस भागिले सात गुणिले चौदा, झाले अठ्ठ्याऐंशी. त्याला त्रिज्या आणि उंचीच्या बेरजेने गुणायचं. चौदा आणि चौदा अठ्ठावीस. अठ्ठ्याऐंशी गुणिले अठ्ठावीस, चोवीसशे चौसष्ट. काका जागेवर सापडले.

आता काकू. काकू झाकण कधीच मोजत नाहीत, तक्क्याच्या बाजूचं कापड वेगळं आणि तोंडाच्या चकत्या वेगळ्या कापण्याची सवय. सूत्र त्यांना अगदी बरोबर पाठ होतं. पण टेप लावायचा तो आरपार, आणि आलेलं माप तसंच्या तसं घ्यायचं. व्यास हा निम्मा करायचा असतो हे बाईंनी त्यांना सांगून सांगून पालथ्या घड्यावर पाणी झालं होतं. दोन गुणिले बावीस भागिले सात गुणिले अठ्ठावीस, म्हणजे एकशे शहात्तर. गुणिले उंची चौदा. चोवीसशे चौसष्ट.

बाई खाली बसल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! दोन वेगळ्या वाटांनी दोन माणसं एकाच चुकीच्या दाराशी येऊन उभी राहिली होती, आणि ते दार बाईंनीच बांधलं होतं. सातने भाग जावा, आकडे सोपे यावेत म्हणून त्यांनी त्रिज्या आणि उंची दोन्ही चौदा ठेवली होती. त्रिज्या आणि उंची सारखी असली की तळ-झाकण मिळवा नाहीतर व्यासालाच त्रिज्या समजा, दोन्हीकडे दुप्पटच होणार. इतका अभिमान होता ना चुका ओळखण्याचा? प्रश्न काढताना हे दिसलं नव्हतं.

सरांनी फळा दोनदा वाचला. "हे असं झालं असेल," ते म्हणाले. "पण असंच झालं हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता, आणि तो सरांनी हळू आवाजात विचारला होता. बाईंनी उंची बदलली. व्यास तोच अठ्ठावीस, उंची दहा. आता वाटा वेगळ्या होत होत्या. खरं उत्तर आठशे ऐंशी. काकांच्या वाटेने एकवीसशे बारा. काकूंच्या वाटेने सतराशे साठ. त्यांनी एका चिठ्ठीवर 'काका २११२, काकू १७६०' असं लिहिलं, घडी घातली आणि सरांच्या हातात दिली.

"दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवा. हे एवढंच गणित द्या. चिठ्ठीप्रमाणे चुकले, तर नक्कल नाही."

"आणि बरोबर सोडवलं तर?"

बाईंनी खडू खाली ठेवला. आपल्याच विद्यार्थ्यांनी चुकावं म्हणून देवाची प्रार्थना करायची वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आली होती.

काका प्रयोगशाळेत बसले, काकू ग्रंथालयात. सर एकीकडे उभे राहिले, बाई दुसरीकडे. काकू पेन्सिलीचं टोक ओठात धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. एकदा काही लिहिलं आणि खोडलं. मग त्यांनी डोळे मिटले, जसं एखादी ओळ पाठ आहे का बघावं तसं काहीतरी पुटपुटल्या, आणि भराभर लिहून कागद उलटा ठेवला. बाईंना विचारावंसं वाटत होतं, निम्मा केलात का हो? पण त्यांनी जीभ दाताखाली धरली.

सरांच्या खोलीत कागद उलगडले. काकूंचा आधी. एकवीसशे बारा.

बाईंना वाटलं आपण चुकीचा कागद उचलला. वर नाव पाहिलं, काकूंचंच होतं. तोवर सरांनी काकांचा उलगडला होता. सतराशे साठ.

सरांनी चिठ्ठी उघडली. बराच वेळ ते चिठ्ठीकडे आणि कागदांकडे आळीपाळीने बघत राहिले. "आकडे तुमचेच आहेत, बाई," ते म्हणाले. "फक्त माणसं बदललीत."

बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. आयुष्यात पहिल्यांदाच एका चुकीच्या उत्तराचे आईबाप त्यांना ठाऊक होते, पण मूल भलत्याच घरी निघालं होतं.

दोघांना आत बोलावलं. ती उभीच राहिली, शाळकरी मुलांसारखी, हात मागे बांधून.

"काकू," बाई म्हणाल्या, "तुम्ही नेहमी आरपार माप घेता. आज निम्मं केलंत, तळ आणि झाकणही लावलंत. का?"

काकूंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. "आता काय लपवायचं. बाई, चाचणीतलं उत्तर मी कोणाचं पाहिलं नव्हतं. माझं मी केलं. म्हणजे ह्यांनी माझं पाहिलं असणार, दुसरं काय? आणि ते चुकलेलं निघालं. मी म्हटलं, ह्यांनी ह्यांच्या डोक्याने केलं असतं तर बरोबर आलं असतं, माझ्या नादाने बुडाले. म्हणून आज ह्यांच्यासारखं केलं. घरी अभ्यासाला बसलं की हे पुटपुटत असतात, आधी निम्मं, मग बाजू, मग तळ, मग झाकण. ऐकून ऐकून मला पाठ झालंय."

काकांचं तोंड उघडं राहिलं. "अगं, मीही नव्हतं पाहिलं!" ते म्हणाले. "मला वाटलं तू पाहिलंस. माझं पाहून चुकलीस. म्हणून मी आज तुझ्यासारखं सरळ आरपार घेतलं, झाकण-बिकण काही धरलं नाही."

 मग सर हसले. सर हसतात हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं, ते गदागदा हसले, आणि हसता हसताच त्यांनी दोन्ही अर्ज पुढे ओढून सह्या केल्या. वेगळ्या खोल्यांत बसून चिठ्ठीतलीच दोन उत्तरं आली, दोन पद्धती आहेत हे सिद्ध झालं, आणि इतका पुरावा इतिहासात मिळाला असता तर भांडणं उरलीच नसती, असं ते म्हणाले.

"मग बरोबर कोणाचं?" काकूंनी विचारलं. त्यांना घाई होती.

"कोणाचंच नाही," बाई म्हणाल्या. त्या नेहमीपेक्षा जोरात ओरडल्या. "दोघांनी एकमेकांचं घेतलंत ते चुकीसकट घेतलंत! काका, व्यास निम्मा करता ते तुमचं बरोबर. काकू, बाजूला कागद लावायचा तर झाकण मोजत नाही ते तुमचं बरोबर. आता दोघं मिळून करा इथेच. माझ्यासमोर."

काकांनी अठ्ठावीसचे चौदा केले. काकूंनी झाकणाकडे वळणारा त्यांचा हात धरला. आठशे ऐंशी आलं. "पुढे काय लिहायचं?" बाईंनी विचारलं, आणि दोघं एकदम म्हणाली, "चौरस सेंटिमीटर."

अर्ज घेऊन दोघं निघाली. दारापाशी काकू थांबल्या. त्यांच्या डोक्यात काहीतरी राहून गेलं होतं.

"का हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, आणि आवाज हळू काढायची त्यांना सवय नसल्याने ते सगळ्यांना ऐकू आलं, "मी चोरून पाहीन असं तुम्हाला खरंच वाटलं?"

काका गडबडले. खोटं बोलायचं की नाही हे त्यांना ठरवता येईना.

"वाटलं," ते शेवटी म्हणाले. "पण मी म्हटलं, पाहिलं तर पाहिलं. माझंच तर पाहिलं, दुसऱ्या कोणाचं नाही ना."

काकूंनी त्यांच्याकडे रोखून बघितलं. मग त्यांनी दोन्ही अर्ज एकात एक घालून पदराखाली घेतले.

"मीही अगदी हेच म्हटलं," त्या म्हणाल्या.